हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी आईचा हिस्सा मोजा

सेलू तालुक्यात (हा वर्धा जिल्ह्यातला सेलू, परभणीचा नव्हे) वडिलांच्या तेरवीनंतर घरात पहिलं सरकारी काम निघतं ते सातबारावर वारस चढवण्याचं. पटवाऱ्याकडे अर्ज जातो, आई, भाऊ आणि बहिणी अशी सगळ्यांची नावं लागतात, आणि त्यानंतर काही महिन्यांत, कधी काही वर्षांनी, भाऊ बहिणीच्या दारात येतो. म्हणतो, “ताई, बँकवाले पीककर्जाला दरवर्षी सगळ्यांच्या सह्या मागतात. तू नागपूरला, दुसरी अमरावतीला. एकदा हक्कसोड करून टाक.”

भावाची अडचण बहुतेक वेळा खरी असते. सातबारावर पाच नावं असली की कर्ज, विमा, नुकसानभरपाई, सगळीकडे पाच माणसं गोळा करावी लागतात. वावर कसणारा एकच, आणि सह्यांसाठी त्याला सगळ्यांच्या मागे फिरावं लागतं. तेव्हा बहिणीनं हक्क सोडूच नये असं मी म्हणणार नाही. अनेकजणी विचार करून, मनापासून सोडतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. मात्र बहुतेकींना आपण नेमकं किती सोडतोय हे सही करताना माहीत नसतं. दस्तात लिहिलेलं आणि घरात बोललेलं यांत फरक पडतो, आणि तो फरक बहिणीच्याच अंगावर येतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, कपाशी-तुरीची, बोर धरणाच्या कालव्याखाली. वडील वारले, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. २००५ च्या ९ सप्टेंबरपासून लागू झालेल्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हक्कदार झाली. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, पण ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ च्या कायद्यात ही अट नाही. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: वडील हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं वाटप किंवा विक्री उकरून काढता येत नाही.

आता वाटणी. वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच हिस्से धरले तर प्रत्येकाचा एक पंचमांश. वडिलांचा पंचमांश पुन्हा आई आणि तीन मुलांत चौघांना वाटला जातो. बेरीज केली की प्रत्येकाकडे एक चतुर्थांश येतो. म्हणजे आईचे दोन एकर, थोरल्याचे दोन, धाकट्याचे दोन, बहिणीचे दोन. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असती आणि मृत्युपत्र नसतं, तरी चार वारसांत हाच आकडा आला असता.

बहिणीला वाटतं, मी माझे दोन एकर सोडतेय. इथंच पहिली गोष्ट चुकते. आईचे दोन एकर अजून आईचे आहेत. उद्या आई गेली आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्या ऐंशी गुंठ्यांचे तीन भाग होतात आणि बहिणीला सव्वीस गुंठ्यांहून थोडं जास्त पुन्हा मिळतं. पण दस्तलेखकाकडे तयार असलेल्या मसुद्यात एक वाक्य जवळजवळ नेहमी असतं: ‘आई-वडिलांच्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीतील माझा आजचा व यापुढे निर्माण होणारा सर्व हक्क, हितसंबंध मी कायमचा सोडत आहे.’ या एका वाक्यात आईकडून मिळू शकणारे सव्वीस गुंठे, गावातलं घर, परसातला प्लॉट, बँकेतली ठेव, सगळं येऊन बसतं.

कायद्यानं बघितलं तर ‘यापुढे निर्माण होणारा हक्क’ सोडता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६ नुसार जिवंत माणसाच्या मालमत्तेत वारसाला मिळू शकेल अशी नुसती आशा हस्तांतरित होऊ शकत नाही. म्हणूनच वडील जिवंत असताना, लग्नाच्या वेळी, त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडल्याचे मुलीकडून लिहून घेतलेले कागद टिकत नाहीत. (वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क जन्मापासूनचा असल्यानं तिथं हा बचाव चालत नाही.) पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. हक्क सोडताना पैसे घेतले असतील, तर पुढे ‘तो दस्त मुळातच पोकळ होता’ असं म्हणायला न्यायालय अडवू शकतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, वडिलांकडून पैसे घेऊन हक्क सोडलेल्या मुलाच्या मुलांनाही त्या दस्तानं बांधलं. म्हणजे आईच्या हयातीत ‘सर्व’ शब्द लिहून वर दोन लाख घेतले, तर आईच्या पश्चात ते सव्वीस गुंठे मागणं फार अवघड होऊन बसेल.

म्हणून मसुद्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि हिस्सा नेमका लिहून घ्या. ‘गट क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक हेक्टर आर, यातील वडिलांच्या मृत्यूनं व सहदायाद म्हणून मला मिळालेला एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा’, एवढंच. खाली एक ओळ असावी की आईच्या हिश्श्यातला आणि राहत्या घरातला हक्क या दस्तानं सोडलेला नाही. दस्तलेखक म्हणेल, अशी ओळ कोणी टाकत नाही. तरीही टाकायला लावा.

दुसरा प्रश्न, हक्क सोडायचा कोणाच्या नावे? हक्कसोड होतो तो सहहिस्सेदाराच्या बाजूनं. भावाच्या बायकोच्या नावे केलेला दस्त नावाला हक्कसोड असला तरी मुद्रांकाच्या नजरेत तो बक्षीसपत्र किंवा विक्रीसारखा धरला जाऊ शकतो आणि नंतर वसुली निघते. एकाच भावाच्या नावे करायचा असेल तर जास्त काळजी हवी. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं मानलं की अविभक्त कुटुंबातल्या एका सहदायादानं आपला हिस्सा एकाच भावाला दिला, तरी त्याचा अर्थ सगळ्या उरलेल्या सहदायादांच्या बाजूनं हक्क सोडला असा लावला जाईल. आईला सांभाळतो म्हणून बहीण धाकट्याला द्यायला निघते आणि पुढे थोरला त्यात वाटा मागतो. असं व्हायला नको असेल तर आधी वाटणीपत्र करून हिस्से वेगळे करावेत आणि मग आपला वेगळा झालेला हिस्सा द्यावा. त्याला मुद्रांक जास्त लागतो, पण दिलेलं ज्याला द्यायचं त्यालाच मिळतं.

मुद्रांकाचा विषय निघालाच आहे. सख्ख्या भाऊ-बहिणीत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात ठरावीक नाममात्र मुद्रांक लागतो. तो पूर्वी दोनशे रुपये होता, ऑक्टोबर २०२४ च्या बदलानंतर पाचशे झाला. आता उलटा विचार करा. उद्या भावाला पश्चात्ताप झाला, किंवा त्याच्या लक्षात आलं की बहीण अडचणीत आहे, आणि त्यानं ते दोन एकर परत द्यायचं ठरवलं. हक्कसोडपत्र रद्द करून जमीन आपोआप परत येत नाही, त्याला बक्षीसपत्र करावं लागेल. भावानं बहिणीला दिलेल्या बक्षिसावर बाजारभावाच्या तीन टक्के मुद्रांक लागतो, वर स्थानिक उपकर. जाताना पाचशे रुपये, येताना लाखाच्या घरात. ही असमान वाट बहिणीनं सही करण्याआधी समजून घ्यावी. माझ्या मते हक्कसोडपत्राचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

घरात बोललेल्या शब्दांचं काय होतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. ‘सध्या सही कर, कापूस विकला की तुला पाच लाख देतो.’ ‘आईला मीच पाहीन.’ ‘दरवर्षी तुला चार पोती तूर येतील.’ दस्तात मात्र लिहिलेलं असतं, ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीनं.’ मोबदला लिहिला तर मुद्रांक वाढेल या भीतीनं तो लिहिला जात नाही. पण लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा देण्यावर पुराव्याच्या कायद्याचं बंधन आहे. जुन्या कायद्यात ते कलम ९१ आणि ९२ मध्ये होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९४ आणि ९५ मध्ये आहे. बहिणीनं स्वतःच सही केली आहे की मला काही घ्यायचं नाही. मग पाच लाखांसाठी तिनं कुठं जावं? पैसे ठरले असतील तर रक्कम, धनादेशाचा क्रमांक आणि तारीख दस्तात घालावी, आणि तसं केल्यानं मुद्रांक किती होतो ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं. फरक पडला तर तो भावानं भरावा. जमीन त्यालाच मिळणार आहे.

आईच्या सांभाळाचं तर आणखी कठीण. अनेक घरांत बहिणीसोबत आईचीही सही त्याच दस्तावर घेतली जाते. मग आईकडे स्वतःचं काहीच उरत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार साठीपुढच्या माणसानं सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका आईनं केलेलंच हक्कसोडपत्र आलं होतं, आणि न्यायालय म्हणालं, सांभाळाची अट होती हे दिसायला हवं, नुसतं नातं पुरेसं नाही. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयानं या कलमाकडे ज्येष्ठांच्या बाजूनं बघितलं, पण तिथं सांभाळाचं लेखी वचन होतं. म्हणून आईला हक्क सोडू देऊ नका. सोडायचाच असेल तर ‘माझ्या अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि राहण्याची सोय करण्याच्या अटीवर’ ही ओळ आईच्या दस्तात असलीच पाहिजे. आईच्या नावावरचे दोन एकर हा तिच्या म्हातारपणाचा आधार आहे, आणि तो राखणं बहिणीच्या हातात असतं, कारण त्या दिवशी कार्यालयात आईच्या बाजूनं दुसरं कोणी उभं नसतं.

नवऱ्याच्या घरी शेती नसलेल्या बहिणींनी आणखी एक गोष्ट पाहावी. विदर्भाला कुळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा आहे, १९५८ चा. त्यातल्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमचं शेतकरी असणं वडिलांच्या सातबारावरच्या त्या एका नावावर टिकून असू शकतं. ते नाव कमी झालं, आणि दहा वर्षांनी निवृत्तीच्या पैशांतून हिंगणीकडे किंवा केळझरजवळ दोन एकर घ्यावेत असं वाटलं, तर ‘तुमचा सातबारा दाखवा’ म्हटल्यावर दाखवायला काही उरत नाही. दोन एकरांपैकी दीड सोडून अर्धा एकराचा अविभक्त हिस्सा ठेवला तर हा प्रश्न येत नाही. भावाला जवळजवळ सगळी जमीन मिळते आणि बहिणीचं नाव सातबारावर राहतं.

रस्त्यांचंही लक्षात ठेवा. समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातून गेला, आणि शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव वर्ध्याजवळच्या पवनारपासून निघतो. संपादनाचा मोबदला अभिलेखात नाव असलेल्याला मिळतो. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही आणि अचानक हक्कसोडाची घाई सुरू झाली, तर गटाजवळ मोजणी, नोटीस किंवा अधिसूचना आहे का ते तहसील कार्यालयात आणि गावात विचारा.

भावाची खरी अडचण फक्त सह्यांची असेल, तर त्यासाठी मालकी सोडण्याची गरज नाही. पीककर्जापुरतं संमतीपत्र किंवा मर्यादित मुखत्यारपत्र देता येतं. त्यात कामं मोजून लिहावीत: कर्ज, विमा, अनुदान, मोजणी. विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड यांचे अधिकार दिलेले नाहीत असंही लिहावं. ‘सर्वाधिकार’ शब्द असलेलं मुखत्यारपत्र कधीच देऊ नये, त्यावर भाऊ स्वतःच्याच नावे दस्त करू शकतो. कोऱ्या कागदावर अंगठा तर नकोच.

सही करायची ठरली, तर मसुदा आठ दिवस आधी मागवून घरी वाचा किंवा विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दीत वाचायला सवड मिळत नाही. तिथं फोटो आणि अंगठा घेतात आणि दस्त कबूल आहे का असं विचारतात. हा प्रश्न नोंदणी कायद्यानं ठेवला आहे. तेव्हा ‘मला वारसनोंद आहे असं सांगितलं होतं’ असं वाटत असेल तर तिथंच नाही म्हणा, तो दस्त त्या दिवशी नोंदला जाणार नाही. नोंदणी झाल्यावर दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक दोन मागून घ्या. त्यात दस्ताचा प्रकार आणि मोबदला छापलेला असतो. मग गावात फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे? सगळ्यात आधी कागद कोणता आहे ते पाहा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद, पटवाऱ्यापुढे दिलेला जबाब, ‘नाव कमी करण्यास हरकत नाही’ असा अर्ज, यांनी स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ नुसार हक्कसोडपत्राची नोंदणी सक्तीची आहे. अशा कागदावर फेरफार झाला असेल तर सातबारातून नाव गेलं आहे, हक्क गेलेला नाही. फेरफार हा महसुलाचा हिशेब आहे, मालकीचा निकाल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. त्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साधारण साठ दिवसांत अपील करता येतं, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. पण मालकी ठरवून मागायची ती दिवाणी न्यायालयात, वाटणीच्या दाव्यानं.

नोंदणी झालेला दस्त फसवून किंवा दबावानं घेतला असेल तर मार्ग अरुंद आहे, बंद नाही. फसवणूक कळल्या दिवसापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. ‘कधी कळलं’ याचा पुरावा म्हणूनच महत्त्वाचा: कोणत्या तारखेला सातबारा काढला, कोणत्या तारखेला सूची दोनची प्रत मिळाली, ते कागद तारखेसह जपून ठेवा. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं भावांनी १९९० मध्ये बहिणीच्या संमतीशिवाय केलेला दस्त रद्द केला. बहिणीला तो कळला १९९४ मध्ये, आणि कळल्यावर काही आठवड्यांतच तिनं दावा लावला होता. लग्नात हुंडा दिला म्हणून कुटुंबाच्या मालमत्तेतला मुलीचा हक्क संपत नाही, असंही त्या निकालात आहे. तिथला कायदा गोव्याचा पोर्तुगीज काळापासूनचा, पण कळल्यावर लगेच पाऊल उचलण्याचा धडा इथंही लागू पडतो.

वाटणीचा हा हिशेब हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत, आणि गोंडांसारख्या अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही. त्यांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा.

वकिलाचा आणि दाव्याचा खर्च परवडणार नाही म्हणून बायका गप्प बसतात. महाराष्ट्रात काही दाव्यांत स्त्रीला न्यायालयीन शुल्काची सूट आहे, ती आपल्या दाव्याला लागू होते का ते वकिलाला विचारावं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. सोबत चालू सातबारा, जुने फेरफार, वडिलांचा मृत्यू दाखला आणि असेल तर सूची दोनची प्रत न्यावी. दावा लावायच्या आधी, नुसता मसुदा तपासून घ्यायलाही तिथं जाता येतं.